चिंचेचा कोळ टिकतो, पुरीचे पाणी टिकत नाही

गेल्या पंधरवड्यात आलेल्या टपालात बाजाराच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. शेती कोरडवाहू, म्हणून दर रविवारी आठवडी बाजारात नवराबायको पाणीपुरी आणि भेळेची गाडी लावतात. दिवाळीत घरी फ्रिज आला. तेव्हापासून त्यांनी असे ठरवले की चिंचेचे पाणी, पुदिन्याची चटणी आणि पुरीचे तिखट पाणी ही तिन्ही एकदाच भरपूर करून ठेवावीत, म्हणजे दोन बाजार निघतील आणि शनिवारची रात्र जागावी लागणार नाही. पहिला बाजार छान गेला. दुसऱ्या रविवारी झाकणे उघडली तर चिंचेचे पाणी जसेच्या तसे, पुदिन्याची चटणी शेणासारखी काळपट, आणि पुरीच्या पाण्याच्या बाटलीने ‘फस्स’ केले. मालक म्हणाले, पाणी फेकू नको, वरून दोन लिंबे पिळ आणि बर्फ घाल, कुणाला कळणार नाही. बाईंनी ते ओतून टाकले आणि आम्हाला पत्र लिहिले: एकाच फ्रिजात ठेवलेल्या तीन पदार्थांची तीन तऱ्हा का झाली, आणि ते पाणी टाकले हे बरोबर की चूक?

टाकले ते अगदी बरोबर केले. का ते आता विस्ताराने पाहू, कारण पाहुण्यारावळ्यांसाठी, मुलांच्या वाढदिवसासाठी घरोघरी हे तिन्ही पदार्थ करून ठेवण्याची चाल आता खेड्यातही पडली आहे.

प्रथम फ्रिज काय करतो ते समजून घ्यावे. अन्न नासवणारे जंतू उबेत झपाट्याने वाढतात. फ्रिजच्या आत चार-पाच अंश सेल्सिअस इतकी थंडी असली की त्यांची वाढ मंदावते. मंदावते एवढेच, जंतू मरत नाहीत. जे जंतू पाण्यातून, पानांतून किंवा हातावरून आत गेले ते तेथे तसेच बसून राहतात, आणि काही जातींचे यीस्ट व बुरशी तर थंडीतही सावकाश वाढत राहतात. म्हणून पदार्थ किती दिवस टिकेल हे फ्रिजवर कमी आणि आपण आत काय ठेवले यावर जास्त अवलंबून असते. त्यात तीन गोष्टी पाहायच्या: आंबटपणा किती, साखर-मीठ किती, आणि पदार्थ उकळलेला आहे की कच्चा.

आंबटपणा मोजण्याचे माप शेतकरी घरात नवे नाही. माती परीक्षणाच्या कागदावर ‘सामू’ म्हणून जो आकडा येतो तोच हा. सात म्हणजे ना आंबट ना खारे. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा साताच्या वर असतो. चिंचेचा दाट कोळ मात्र तीनच्या आसपास असतो, कारण चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असते. सामू साडेचारच्या खाली असला की अन्नातून विषबाधा करणाऱ्या बऱ्याच जंतूंना वाढता येत नाही. त्यात गूळ घातला की आणखी एक गोष्ट घडते. गूळ पाणी धरून ठेवतो आणि जंतूंना मोकळे पाणी उरत नाही. मोरंबा टिकतो तो याच कारणाने. वर तो कोळ उकळलेला, म्हणजे आतले जंतू आधीच मेलेले. तिन्ही कुलपे लागली म्हणून त्या बाईंचा चिंचेचा पदार्थ आठ दिवस शाबूत राहिला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. चिंच गरम पाण्यात भिजवून, पिळून, न उकळता केलेले पातळ पाणी वेगळे आणि गूळ घालून आटवलेला कोळ वेगळा. पातळ, बिनगुळाचे, कच्चे चिंचेचे पाणी फ्रिजातही दोनतीन दिवसांपलीकडे ठेवू नये. त्यावर आधी पांढरा तवंग येतो. आमच्याकडे विचारणारे पुष्कळ जण या दोहोंना ‘चिंचेचे पाणी’ असे एकच नाव देतात आणि मग एकीचे टिकते, दुसरीचे नासते.

कोळाची रीत अशी. चिंचोके आणि शिरा काढलेली पाव किलो चिंच घ्यावी. नवी, फिकट तांबूस चिंच असेल तर रंग उजळ येतो, मीठ लावून गोळे करून ठेवलेली जुनी असेल तर रंग काळसर येतो. टिकण्यात फरक नाही, पण जुन्या गोळ्यात मीठ आधीच असते, तेव्हा वरून घालताना चव पाहावी. गोळा फोडून एकदा नजरेखालून घालावा. किडे, जाळी किंवा बुरशीचा कुबट वास असला तर ती चिंच घेऊ नये, कारण उकळून हा वास जात नाही. पाऊण लिटर कढत पाण्यात चिंच आणि दीडशे ग्रॅम बिनबियांचा खजूर अर्धा तास भिजू द्यावा. मग मंद आचेवर दहा मिनिटे शिजवावे, निवल्यावर कुसकरून किंवा मिक्सरमधून काढून गाळणीतून दाबून गाळावे. गाळणीत राहिलेल्या चोथ्यावर थोडे कढत पाणी घालून पुन्हा एकदा काढले तर वाया जात नाही. या कोळात चारशे ग्रॅम चिरलेला गूळ, दोन चहाचे चमचे मीठ, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा सुंठ आणि बेताचे लाल तिखट घालून पुन्हा उकळावे. गुळात कचरा असतो, तेव्हा गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घातला तर बरे. आठ-दहा मिनिटे खळखळ उकळला की कोळ पळीच्या पाठीवर धरू लागतो. बोटाने पाठीवर रेघ ओढली आणि ती लगेच मिटली नाही की उतरवावे.

भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. पितळेचे किंवा तांब्याचे बिनकल्हईचे भांडे चिंचेला चालत नाही. चिंचेने तांब्यापितळेची भांडी लखलखीत होतात हे आपल्याला माहीत आहे, पण धातूवरचा जो मळ निघून भांडे उजळते तो मळ कोळात उतरतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्याचेही तसेच, त्याला आंबटाने डाग पडतात आणि कोळाला धातूची चव येते. भरून ठेवायला काचेची बाटली किंवा चिनी मातीची बरणी घ्यावी. बाटली साबणाने धुऊन कढत पाण्याने विसळून उन्हात पुरती कोरडी करावी. एका मोठ्या बरणीपेक्षा तीन लहान बाटल्या चांगल्या, म्हणजे एक उघडली तरी दोन बंद राहतात. असा कोळ फ्रिजात तीन आठवडे निर्धास्त ठेवावा. उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये, गूळ आहे तेथे यीस्ट आलेच.

आता पुदिन्याकडे वळू. पुदिना आमच्या खेड्यांत कोठे लावतात? अळू आणि पुदिना मोरीच्या तोंडाशी, जेथे सदा ओल असते. अळूचे फतफते शिजते, त्यात काही राहत नाही. पुदिना मात्र आपण कच्चा वाटतो. मोरीच्या पाण्यात आंघोळीचे, भांड्यांचे, लहान मुलांच्या कपड्यांचे पाणी येते. ते शिंतोडे पानांवर उडतात आणि पुदिन्याच्या पानाला लव आणि सुरकुत्या असल्याने घाण तेथे धरून राहते. म्हणून पहिला सल्ला शेतीचा आहे: चटणीचा पुदिना मोरीपासून दूर, जुन्या माठात किंवा फुटक्या घमेल्यात लावावा आणि त्याला पिण्याचे पाणी घालावे. चार-पाच कांड्या आडव्या दाबल्या की महिनाभरात भांडे भरते. बाजारच्या जुडीचे पाणी कोठले हे आपल्याला कळत नाही, तेव्हा ती मोरीकाठचीच आहे असे धरून चालावे.

जुडी निवडताना मुळे आणि जाड देठ काढावेत. पाने मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन हलवावीत आणि पाणी न ओतता पाने वर उचलून घ्यावीत. पाणी ओतले तर तळाची माती पुन्हा पानांवर बसते. असे तीनदा करावे. मग एका पातेल्यात पाणी खळखळ उकळून त्यात पाने वीस सेकंद बुडवून लगेच उकळून गार केलेल्या थंडगार पाण्यात टाकावीत. मनात सावकाश वीस आकडे मोजले की झाले. एवढ्याने पुदिना शिजत नाही, वास थोडा कमी होतो, पण दोन कामे होतात. पानांवरचे पुष्कळ जंतू मरतात, आणि चटणी काळी करणारा पानातला द्रव निकामी होतो.

हे काळे पडणे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण त्याची भीती नको तेवढी आणि नको तेथे घेतली जाते. चिरलेले वांगे काळे पडते तसेच हे आहे. पान वाटले की त्यातला एक विकर हवेशी मिळून रंग बदलतो. म्हणून पाट्यावर सावकाश वाटलेला किंवा मिक्सरमध्ये फार वेळ फिरवून तापलेला पुदिना लवकर काळवंडतो. लिंबाने हे काळवंडणे थांबते, पण लिंबाचे आम्ल पानाच्या हिरव्या रंगालाच हळूहळू तपकिरी-शेवाळी करते. म्हणजे दोनतीन दिवसांनी चटणीचा रंग थोडा उतरणे हे नासल्याचे लक्षण नव्हे. त्या बाईंची चटणी काळपट झाली म्हणून ती विषारी झाली असे नाही. मात्र आठवडाभर ठेवलेली कच्ची चटणी रंगावरून चांगली की वाईट हे ठरवताच येत नाही, म्हणून दिवस मोजावेत.

वाटण घट्ट करावे. पाणी घालू नये. मिक्सर फिरत नसेल तर उकळलेल्या पाण्याच्या बर्फाचे दोन खडे घालावेत, वाटणही फिरते आणि तापतही नाही. दोन वाट्या पुदिन्याला एक वाटी कोथिंबीर, पाच-सहा हिरव्या मिरच्या, बोटभर आले, दोन लिंबांचा रस, एक चमचा पादेलोण आणि अर्धा चमचा साधे मीठ हे प्रमाण धरावे. आंबट आणि खारट थोडे चढेच असू द्यावे, पुढे पाण्यात मिसळायचे आहे. फुटाण्याचे डाळे, ओले खोबरे किंवा दही यांतले काही घालू नये. भेळेसाठी तशी चटणी हवी असेल तर ऐनवेळी वेगळी काढून त्यात घालावे. डाळ्याने चटणी दाट होते, पण तेच जंतूंचे खाणे होते. डाळे, खोबरे किंवा दही घातलेली चटणी दुसऱ्या दिवशी आंबते.

असे घट्ट वाटण लहान बाटल्यांत काठोकाठ भरून, वर हवा न ठेवता झाकण लावून, फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवले तर तीन दिवस, फार तर चार दिवस वापरावे. दाराच्या कप्प्यात ठेवू नये, तेथे दार उघडले की गरम हवा लागते. त्याहून जास्त दिवस हवे असेल तर वरच्या बर्फाच्या खान्यात गोठवावे. बर्फाच्या साच्यात वाटण भरून गोठले की खडे काढून पिशवीत बांधून ठेवावेत. दोन महिने चव चांगली राहते. काढलेले खडे पुन्हा गोठवायचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट, पुरीचे पाणी. या पाण्यात वरच्या दोन्ही पदार्थांची कुलपे एकेक करून उघडली जातात. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे कोळ आणि चार मोठे चमचे वाटण पडले की गूळ आणि मीठ इतके पातळ होतात की त्यांचा टिकवण्याच्या कामी उपयोग उरत नाही. आंबटपणा राहतो, पण दाट कोळात होता तेवढा नाही. शिवाय पाण्यात पानांचा चुरा तरंगतो, जो जंतूंना धरायला जागा आणि खायला अन्न देतो. बाईंच्या बाटलीने ‘फस्स’ केले ते यीस्टमुळे. तेही ताडीत असते त्याच जातीचे जंतू. थोडा गूळ, थोडे आंबट, भरपूर पाणी, आणि आठ दिवस, एवढे त्यांना पुरे. अशा पाण्याच्या झाकणाला फुगवटा येतो, उघडताना वायू सुटतो, कडेला बारीक बुडबुडे दिसतात, वास आंबूस दारूसारखा येतो. पृष्ठभागावर पांढरी साय किंवा बोट लावल्यास तार सुटेल असा चिकटपणा दिसला तर तेही नासलेले. वरची साय काढून खालचे वापरणे, किंवा नासलेले पुन्हा उकळणे, हे दोन्ही उपाय व्यर्थ होत. उकळून जंतू मरतात, पण त्यांनी आत सोडलेले सगळे पदार्थ जातातच असे नाही, आणि बिघडलेली चव तर नक्कीच जात नाही.

परंतु यीस्टपेक्षा घातक गोष्ट अशी आहे की जिची काहीच खूण नसते. विषमज्वर, पटकी, कावीळ यांचे जंतू पाण्यात असले तर पाणी फसफसत नाही, वास येत नाही, रंग बदलत नाही. २०२२ च्या जूनमध्ये नेपाळात काठमांडूजवळच्या ललितपूर महानगरपालिकेने पाणीपुरीच्या विक्रीवर बंदी घातली होती. तेथे पटकीची साथ सुरू झाली आणि पाणीपुरीच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले होते. ते पाणी चवीला चांगलेच असणार, नाहीतर लोकांनी प्याले नसते. मालकांचा लिंबू आणि बर्फाचा उपाय म्हणून धोक्याचा. लिंबाने वास झाकतो, बर्फाने जीभ बधिर होते, जंतू मात्र जेथल्या तेथे. सफरचंदाच्या रसावर झालेल्या प्रयोगांत तर असे दिसले आहे की जुलाब करणारे काही जंतू आंबट रसात उबेपेक्षा थंडीत जास्त दिवस तग धरतात. म्हणजे घाण पाण्याचे पुरीपाणी फ्रिजात ठेवून ‘मुरले म्हणजे शुद्ध होते’ असे जे म्हणतात त्यात अर्थ नाही.

तेव्हा या पाण्याला पाणीच निर्मळ हवे. विहिरीचे, हातपंपाचे किंवा नळाचे, काहीही असो, गाळून घेऊन उकळावे. उकळी फुटल्यावर आणखी पाच मिनिटे खळखळू द्यावे आणि झाकून निववावे. बर्फ घालायचा तर याच पाण्याचा घरी केलेला घालावा. बाजारातली लादी बहुधा मासे किंवा भाजी थंड ठेवण्यासाठी केलेली असते. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आहे, तेव्हा निळी झाक दिसली की ती लादी परत करावी. पांढरी लादी म्हणजे खाण्याचीच असे मात्र त्यावरून समजू नये. कालवलेले पाणी त्याच दिवशी संपवावे. फ्रिजात रात्रभर राहिले तर दुसऱ्या दुपारपर्यंत घरात चालेल, पण गाडीवर विकायला नको. चवीच्या दृष्टीनेही दुसऱ्या दिवशी पुदिन्याला कडवटपणा येतो आणि हिंगाचा वास भडक होतो.

मग दर बाजाराला जागरण करावे काय? त्याची गरज नाही. साठवायचे ते पाणी नव्हे, पाण्याचे सत्त्व. त्या बाईंच्या गाडीचाच हिशेब मांडून पाहू. बाजारात साठ प्लेटी जातात असे त्या लिहितात. एका प्लेटीत सहा पुऱ्या आणि पुरीमागे पंचवीस मिलिलिटर पाणी धरले तर प्लेटीला दीडशे, साठ प्लेटींना नऊ लिटर. सांडलवंड धरून दहा लिटर. एवढ्या पाण्याला कोळ साधारण चारशे ग्रॅम आणि वाटण सहाशे-सातशे ग्रॅम लागते. म्हणजे दहा लिटरचे पातेले फ्रिजात कोंबण्याऐवजी चार लहान बाटल्या ठेवल्या की काम झाले, आणि घरच्या दुधाला जागाही राहिली.

गुरुवारी फुरसतीने कोळ करावा. वर दिलेल्या मापात एक लिटरच्या आसपास निघतो, तो दोन बाजारांना पुरतो आणि भेळेलाही थोडा उरतो. शनिवारी दुपारी पुदिना निवडून, धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून वाटण करावे. सातशे ग्रॅम वाटणाला निवडलेली पुदिन्याची पाने साडेतीनशे ग्रॅम आणि कोथिंबीर दोनशे ग्रॅम घ्यावी, बाकी मिरची, आले, लिंबू. सर्वांत जास्त वेळ पाने निवडण्याला जातो, तेथे घरातली सगळी पोरे बसवावीत. शनिवारी संध्याकाळी दोन पातेल्यांत मिळून बारा लिटर पाणी उकळून, झाकून, परातीतल्या गार पाण्यात ठेवून निववावे. कढत पातेले थेट फ्रिजात ठेवू नये, आतले दूध-भाजी सगळे तापते. रविवारी सकाळी हे पाणी झाकणाच्या डब्यांत भरून न्यावे आणि गाडीवर तीन-तीन लिटरच कालवावे. तीन लिटरला एक लहान वाटी वाटण, पाच-सहा मोठे चमचे कोळ, तीन चहाचे चमचे पादेलोण, दोन चमचे जिरेपूड, चिमूट दोन चिमूट हिंग. संपले की पुन्हा कालवावे. दुपारी गिऱ्हाईक कमी झाले तर कालवलेले वाया जाते ते फार तर दोन लिटर, दहा नव्हे.

पुरी पाण्यात हाताने बुडवण्याची रीत मात्र सोडली पाहिजे. लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी पुरीत घालावे. पैसे घेणारा हात आणि पुरी फोडणारा हात एकच नसावा. दोघे आहेत तर एकाने पैसे सांभाळावेत. बाटलीतून कोळ किंवा वाटण घेताना कोरडा चमचा घ्यावा, आणि वाटीत काढलेले उरले तर ते परत बाटलीत घालू नये. एका उष्ट्या चमच्याने तीन आठवडे टिकणारा कोळ चार दिवसांत फसफसतो.

खेड्यात एक अडचण उरते ती विजेची. वीज गेल्यावर दार न उघडता फ्रिज चार तासांपर्यंत आतली थंडी धरतो. त्यानंतर कोळाला लगेच धोका नाही, पण चार तासांहून जास्त वेळ उबेत राहिलेले पुदिन्याचे वाटण ठेवू नये. आपण शेतात असताना वीज किती वेळ गेली हे कसे कळावे? एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवावे आणि वाटी बर्फाच्या खान्यातच राहू द्यावी. परत आल्यावर नाणे वरच असेल तर गोठवलेले खडे ठीक. नाणे बर्फात खाली गेले असेल तर मधे बर्फ वितळून पुन्हा गोठला, म्हणजे पुदिन्याचे खडे आणि खालचे वाटण दोन्ही काढून टाकावीत. बाटलीवर केलेल्या दिवसाची तारीख लिहून कागदाची पट्टी चिकटवावी. ‘परवाच तर केले’ असे म्हणता म्हणता आठवडा उलटतो.

त्याच भगिनींनी पत्राच्या शेवटी विचारले आहे की दुकानात मिळणारी टिकाऊपणाची पूड, सोडियम बेंझोएट, घालावी काय. आमच्या मते घरच्या मापात नको. ती पूड अगदी थोडी, मोजून घालावी लागते. चिमटीने घातली तर कमी पडली की उपयोग नाही आणि जास्त झाली तर अपाय. कोळाला तिची गरज नाही आणि घाण पाणी तिने निर्मळ होत नाही.

उरलेले आणि नासलेले पुरीचे पाणी मोरीत ओतावे. ते झाडांच्या बुंध्याशी किंवा कुंडीत घालू नये, मिठाने मुळे जळतात. जनावरांच्या आंबोणातही मिसळू नये.